अपेक्षा बँडच्या वर आहे: उमेदवाराला पहिल्याच फोनवर सांगावं का?

रिक्रूटर, हिंजवडी
बॅकएंड डेव्हलपरची जागा आहे, सहा वर्षांचा अनुभव हवाय. मंजुरी २२ लाख फिक्स्डपर्यंत. उमेदवाराचा सध्याचा सीटीसी १९.५, अपेक्षा २८, नोटीस पिरियड ९० दिवस. माणूस चांगला वाटतो. मॅनेजर म्हणतात, "आकडा आत्ता काढू नकोस, राउंड होऊ देत, मग बघू." मला वाटतं आधीच सांगून टाकावं. तुमचं काय मत?

डिलिव्हरी मॅनेजर
तुमच्या मॅनेजरशी मी सहमत आहे. पहिल्या फोनवर २२ म्हटलंत की चांगला माणूस तिथेच फोन ठेवतो. पॅनलने एखाद्याला जोरदार पसंती दिली की मी वर जाऊन भांडू शकतो, आणि भांडून पैसे आणलेही आहेत. नुसत्या सीव्हीवर कोण सही करणार? शिवाय लोक २८ म्हणतात आणि २३ ला येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

जावाकर
उमेदवाराच्या बाजूने बोलतो. गेल्या वर्षी एका कंपनीने माझे चार राउंड घेतले. त्यातला एक ऑफिसात बोलावून, म्हणजे एक रजा गेली. घरी करायला दिलेल्या असाइनमेंटमध्ये शनिवार-रविवार गेला. माझी अपेक्षा पहिल्या दिवसापासून त्यांच्या फॉर्मवर लिहिलेली होती. शेवटच्या एचआर राउंडला म्हणाले, "बजेट इतकंच आहे, तुम्ही फ्लेक्सिबल आहात ना?" त्यांना पहिल्या दिवशी जे माहीत होतं, ते मला महिनाभराने कळलं. याला वाटाघाट म्हणत नाहीत. सांगून टाका, ताई.

कॉम्प-बेन, बारा वर्षं
सांगावं की नाही याच्या आधी एक गोष्ट तपासा. तुमचे २२ हा ग्रेडचा बँड आहे, की फक्त या जागेला मिळालेली मंजुरी? दोन्हींत फार फरक आहे.

समजा ग्रेडचा बँड १८ ते २६ आहे. तरी या रिक्विझिशनला २२ च का मिळाले? बहुतेक वेळा कारण टीममध्येच सापडतं: त्याच ग्रेडचे दोघं २०.५ आणि २१.५ वर बसलेले असतात. नवा माणूस २५ ला आणला तर एप्रिलच्या रिव्हिजनमध्ये त्या दोघांचं काय करायचं, हा प्रश्न फायनान्स विचारतंच. ही भिंत थोडी हलते. मॅनेजरने कारण लिहून एक्सेप्शनची नोट टाकली, एचआर बिझनेस पार्टनर आणि फायनान्सने सही केली, तर २३, फार तर साडेतेवीस होतात. डिलिव्हरी मॅनेजर साहेब जे भांडून आणतात ते हेच.

२८ मात्र २६ च्याही वर आहे. तिथे पॅनलची पसंती कितीही जोरदार असली तरी एक्सेप्शन चालत नाही, ग्रेडच वरची लागते. म्हणजे नवी रिक्विझिशन आणि वेगळा इंटरव्ह्यू, ज्यात सिस्टिम डिझाइनची कसोटी कडक असते. सहा वर्षांच्या माणसाला त्यात बसवता येईल का, हे मॅनेजरने आजच सांगायला हवं. "मग बघू" म्हणताना काय बघणार आहेत ते त्यांना विचारा. उत्तर "जागा वरच्या ग्रेडला काढतो" असेल तर थांबायला अर्थ आहे. नसेल तर राउंड घेऊन काहीही बदलत नाही.

कोथरूडकर
एवढं कशाला? फरक जॉइनिंग बोनसने भरून काढा. आमच्याकडे सर्रास देतात, बँडला धक्का लागत नाही.

कॉम्प-बेन, बारा वर्षं
लाख-दीड लाखाच्या फरकाला चालतं. सहा लाखांना नाही. बोनस एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुतेक ठिकाणी परत घेतात. दुसऱ्या वर्षी माणूस पुन्हा २२ वरच असतो, वाढही २२ वरच मिळते, आणि तेव्हा तो नोकरी शोधायला लागतो. द्यायचाच असेल तर "हा एकदाच आहे" हे ऑफरच्या आधी तोंडाने सांगा.

निवृत्त मुख्याध्यापक
बँड मंजूर असेल तर उमेदवाराने पगार संरक्षण मागावं. सातव्या वेतन आयोगात लेव्हल १० ची सुरुवातच ५६,१०० मूळ वेतनाने होते. सेवा सलग असेल तर आधीचं मूळ वेतन धरून नव्या पदावर निश्चिती होते. माझ्या भाच्याची अशीच झाली.

जावाकर
काका, ही खासगी कंपनी आहे. इथे तसलं संरक्षण नसतं, जे ठरेल तेच.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत आहे. इथे जून २०२५ पासून बहुतेक कंपन्यांना जाहिरातीतच पगाराची रेंज द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्यात सप्टेंबर २०२३ पासूनच आहे. तरी वाद मिटलेला नाही. कंपन्या रेंज ऐसपैस टाकतात आणि प्रत्येक उमेदवार वरच्या टोकाकडे बोट दाखवतो. म्हणून आकडा सांगा, पण बँड नको, या जागेची मंजुरी सांगा. "१८ ते २६" ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात २६ च राहतात.

जावाकर
हे पटलं नाही. वरचं टोक २६ आहे हे उमेदवाराला कळायलाच हवं. आत आल्यावर वाढायला किती जागा आहे ते त्यावरच ठरतं. मंजुरी तेवढी सांगायची म्हणजे अर्धंच सांगणं झालं.

कॉम्प-बेन, बारा वर्षं
यावर आमच्या टीममध्येही एकमत नाही. मी स्वतः कोणी विचारलं तर बँड सांगते, आपणहून सांगत नाही.

ताई, एक राहिलं. हे २८ कुठून आले ते विचारा. हातात ऑफर असेल तर तिचा ब्रेकअप मागा. समजा २७ ची ऑफर आहे. त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे २.७. जॉइनिंग बोनस २ लाख सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांनी साधारण अर्धा लाख. उरले २१.८. तुमचे २२ फिक्स्ड ग्रॅच्युइटी सोडून असतील आणि कंपनीचा पीएफ दोन्हीकडे आत धरलेला असेल, तर महिन्याच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारखे निघतात. व्हेरिएबल शून्य धरू नका, गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के मिळालं ते त्याला विचारायला सांगा. पण हा हिशेब मांडायला तुमचा आकडा आधी टेबलावर हवा.

डिलिव्हरी मॅनेजर
ग्रेडचा मुद्दा मान्य, २८ ला माझी नोट चालणार नाही. पण अपेक्षा २४ असती तर मी आजही पहिला टेक्निकल राउंड आधी घेतला असता. एक तास माझाही जातो, त्याचाही. त्याशिवाय मी कशाच्या जोरावर बोलणार?

जावाकर
२४ असेल तर एक तास द्यायला माझी ना नाही. फक्त आधी सांगा की २२ मंजूर आहेत आणि वर जायचं तर तुम्हाला मागावं लागेल. आणि ९० दिवस विसरू नका. मन मारून २२ ला हो म्हणणारा नोटीस पिरियडमध्ये शोधतच राहतो, आणि जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात फोन उचलत नाही.

रिक्रूटर, हिंजवडी
मॅनेजरना विचारलं. वरच्या ग्रेडची जागा या तिमाहीत नाही, लेखी कळवलंय. मग संध्याकाळी उमेदवाराला फोन केला: "या जागेला २२ फिक्स्ड मंजूर आहेत, पीएफ धरून, ग्रॅच्युइटी वेगळी. पॅनलला तुम्ही फार आवडलात तर मी २३.५ मागू शकते, मिळतीलच असं नाही. २८ या ग्रेडमध्ये होणार नाहीत. पुढे जायचं का ते तुम्ही ठरवा, नाही म्हणालात तरी वरच्या ग्रेडची जागा निघाली की मी फोन करेन."

क्षणभर थांबून त्याने विचारलं, "व्हेरिएबल किती?" मी म्हटलं, व्हेरिएबल नाही. हातात २६ ची ऑफर आहे म्हणाला, ब्रेकअप बघून सोमवारी सांगतो. ग्रेडचं वरचं टोक त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जावाकर, तुमचा मुद्दा डोक्यात आहे. सोमवारी विचारलं तर सांगेन.