मदत हवी आहे: रीथवरचा रिबनचा बो फुगत नाही, चपटाच राहतो

हळदगाव
मी सांगलीत विश्रामबागला राहते. मिरजेतल्या मैत्रिणीच्या दारासाठी नाताळची रीथ करतेय, १८ इंचांची. त्यावर एक मोठा लाल बो हवाय आणि झाडाच्या फांद्यांना १२ छोटे. हरभट रोडवरून अडीच इंची, कडेला तार असलेली रिबन आणली, ९ मीटरचा रोल. पुढून मखमली, मागून पांढरट. तीनदा केला. प्रत्येक वेळी सगळे लूप एकावर एक बसतात आणि निम्म्या लूपांत ती पांढरी बाजूच दिसते. मधे दोऱ्याने बांधलंय. कुठे चुकतंय?

सोनसळी
पुठ्ठ्यावर रिबन गुंडाळायची, मग काढून चपटी करायची. मधोमध दोन्ही कडांना कात्रीने छोटी खाच द्यायची, तिथेच बांधायचं आणि एकेक लूप आतून बाहेर ओढायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी भेटवस्तूंवर हेच करते. गोल गरगरीत होतो.

कासचं_फूल
सोनसळीताई, साध्या सॅटिनला तुमची पद्धत उत्तम. पण यांच्या रिबनच्या कडेला तार आहे. खाच दिली की प्रत्येक थरात तीच तार तुटते, आणि लूप उभे धरायचं काम तर तिचंच असतं.

हळदगाव, साताऱ्यात लग्नाच्या सजावटीची कामं करते, त्यावरून सांगते. तुमचं चुकतंय ते पिळात. पहिली शेपटी १२ इंच सोडा आणि रिबन डाव्या हाताच्या चिमटीत धरा. पुढची रिबन चिमटीपाशीच अर्धा पीळ देऊन सुलटी करा. अंगठ्याभोवती एक छोटा लूप घ्या, हा मधला. तो चिमटीत आला की मागे पुन्हा उलटी बाजू वर आलेली दिसेल. परत अर्धा पीळ, मग डावीकडे ५ इंचांचा लूप. परत पीळ, उजवीकडे लूप. असे दोन्हीकडे चार-चार. एकही पीळ चुकला की तिथून पुढे पांढरी बाजू येते, म्हणून ती दिसली की तिथेच थांबून मागे या. शेवटी दुसरी शेपटी सोडा.

एका लूपला १० इंच रिबन जाते. आठांचे ८०, मधल्याचे ६, शेपट्यांचे २४, म्हणजे ११० इंच. पिळात थोडी जाते, म्हणून ३ मीटर धरा.

दोरा नको, बारीक तार घ्या. मधल्या लूपमधून घालून मागे आणा, दोन्ही टोकं घट्ट धरा आणि तार न फिरवता बो फिरवा. त्याने आवळ बसतो. एक लूप धरून हलवा. शेजारचे सरकले, तर बांधणी ढिली आहे. ढिल्या बांधणीवर कितीही फुलवलं तरी लूप परत आडवे पडतात.

फुलवणं सगळ्यात शेवटी. लूपमध्ये बोट घालून तो मुळाशी जरा वळवायचा, पहिला वर, दुसरा खाली, तिसरा पुढे. घाई करू नका, माझा निम्मा वेळ यातच जातो.

वारणेची_लेक
मुलीच्या गॅदरिंगला केसांचा बो करायचाय, याच पद्धतीने होईल का? आठ लूप फार होतील ना? क्लिपला शिवू की चिकटवू?

कासचं_फूल
डोक्यावर तारेची रिबन नको, टोक टोचतं. साधी रिबन, चार लूप आणि सुईदोरा. शिवलेलं जास्त टिकतं.

हळदगाव
आज केला! पहिल्यांदा तिसऱ्या लूपला पीळ विसरले आणि पांढरं दिसलं, तेव्हा सोडून परत केलं. रोलचा तिसरा हिस्सा लागला, अगदी तुम्ही म्हणालात तसा. समोरून सुरेख आलाय. पण रीथवर बांधल्यावर खालचे दोन लूप डहाळ्यांत दबतात.

कासचं_फूल
बो बांधायच्या तारेची टोकं हातभर लांब ठेवली असतील, तर आधी तीच टोकं रीथच्या चौकटीला मागून आवळा आणि मगच फुलवा. आधी फुलवलेला बो बांधताना दबणारच. खालचे दोन लूप बाजूला वळवा, खालची जागा शेपट्यांना राहू द्या.

फांद्यांसाठी दीड इंची रिबन घ्या. ३ इंचांचे सहा लूप, छोटा मधला, सहा-सहा इंचांच्या शेपट्या. एका बोला साधारण १ मीटर ३० सेंटिमीटर लागेल. बारांना ९ मीटरचे दोन रोल पुरतात.

सोनसळी
खाचेचं लक्षात आलं. पण छोट्यांना तारेची रिबन महाग पडेल. सॅटिनला खळ लावून करावं असं मला वाटतं.

कासचं_फूल
खळीने रिबन ताठ होते, पण फुलवताना लूप वळवला की घडी पडते आणि ती पांढरी रेघ जात नाही. मी तरी लावत नाही.

हळदगाव
माझ्याकडे घरात सॅटिनचा एक अख्खा रोल पडून आहे. खळ न लावता त्याचे छोटे बो फांदीवर आठवडाभर उभे राहतील का? कुणी करून पाहिलंय?

सोनसळी
माझे भेटवस्तूंवर राहतात, पण ते आडवे ठेवलेले असतात. फांदीवर टांगून पाहिलेले नाहीत. उद्या एक करून बाल्कनीतल्या तुळशीशेजारच्या झाडाला लावते, काय होतं ते इथेच कळवते.