मेलमध्ये पेन नंबरही लिहा

«पुण्याहून इंदूरला बदली, मुलगी सहावीत. मुख्याध्यापकांना मेलमध्ये ‘सगळे कागद तयार आहेत’ एवढं लिहिलं तर पुरे?»

नाही हो, आमचं त्यानेच अडलं. टीसी हातात होती, भेटही लगेच मिळाली, पण जुन्या शाळेने यूडायस प्लस या विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर मुलाला ‘शाळा सोडली’ असं नोंदवलंच नव्हतं. ती नोंद झाल्याशिवाय नव्या शाळेला त्याचं नाव आपल्याकडे घेता येईना. आठ दिवस नुसते फोन! म्हणून निघण्यापूर्वीच ती नोंद करून घ्या आणि मेलमध्ये पेन नंबर, म्हणजे त्या पोर्टलवरचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, देऊन स्पष्ट लिहा: ‘मुलीचा पेन नंबर अमुक, पोर्टलवर नाव मोकळं झालं आहे, टीसी व चाचणीचे गुण सोबत जोडले आहेत. सोमवारी किंवा मंगळवारी भेटता येईल का?’ इथे मध्य प्रदेशात समग्र आयडी हा राज्य सरकारचा ओळख क्रमांकही मागतात. नसेल तर ‘अर्ज केला आहे’ असं लिहा.