टीव्ही नि स्पीकर अजून जुन्याच ईमेलवर? तुमचे अनुभव लिहा

केवडा: परवा मुंबईहून भाच्याचा फोन. "मावशी, माझ्या यूट्यूबवर दशावतार आणि बांगड्याचं तिखलं कोण बघतंय?" देवगडच्या घरातला टीव्ही कॉलेजात असताना त्यानेच स्वतःच्या जुन्या जीमेलवर लावून दिलेला. घरात तेव्हापासून तोच चाललाय. तुमच्याकडे असं झालंय का? कसं निस्तरलंत?

रापण: 😂 तिखल्यात तिरफळ घालतात ना मावशी?

माडाखाली: तारकर्लीला आमचा होमस्टे आहे, पाहुणे अकाउंट तसंच ठेवून जातात. यूट्यूबमधून Sign out केलं तरी टीव्हीवरचं मूळ अकाउंट राहतं. ओळखायचं कसं, तर प्ले स्टोअर उघडा, तिथे जुनाच ईमेल दिसतो. गूगल टीव्ही असेल तर Settings मध्ये Accounts & sign-in, त्यात तो ईमेल, मग Remove. पासवर्ड मागत नाही.

अबोली७: भाच्याने फोनमधून ते अकाउंट काढलं की टीव्हीवरूनही जातं. आमचं गेलेलं.

माडाखाली: फोनमधून काढलं तर फक्त फोनवरून जातं ताई. तुमच्याकडे बहुतेक पासवर्ड बदलला असेल. लांबून काढायचं तर त्याने गूगल अकाउंटमध्ये Security, मग Your devices उघडायचं, टीव्ही निवडून Sign out. जुना पासवर्ड आठवत असेल तरच.

दर्यावर्दी: कशाला एवढं? दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल स्वतःच उडवतं.

माडाखाली: न वापरलेलं. त्या अकाउंटवर यूट्यूब बघणंही वापरच धरतात. तिखलं चालू आहे तोवर अकाउंट जिवंत.

सुरंगी: आमचो रिमोटच चलना नाय, खाऱ्या वाऱ्यान बटनां गंजली. काय करूचा?

रापण: फोनवर गूगल होम अ‍ॅपात रिमोट येतो बघ. टीव्ही नि फोन एकाच वायफायवर हवेत.

गुहागरकर: स्पीकरचं सांगतो. नेस्ट मिनी दुसरी पिढी, बहिणीच्या जुन्या ईमेलवर. बोलून रीसेट होत नाही. बाजूचा माइक बंद करायचा, वर मधोमध बोट दाबून धरायचं. पाचेक सेकंदांनी रीसेट सुरू होतो, तेव्हाच बायको बोट काढायची 😀 अजून दहाएक सेकंद, आवाज येईपर्यंत धरायचं. पहिल्या पिढीच्या मिनीला खाली वायरजवळ गोल बटण असतं. मग गूगल होम अ‍ॅपातून नव्या ईमेलवर जोडायचा.

केवडा: टीव्ही पूर्ण Factory reset केला तर?

माडाखाली: होईल, पण वायफायसकट सगळी अ‍ॅपं नव्याने लावावी लागतील. दुसऱ्याला द्यायचा असेल तरच करा, आणि पावसात नको. मधेच लाईट गेली तर पंचाईत.

अबोली७: आमच्या टीव्हीत Accounts & sign-in दिसतच नाही. गूगलवाला नाही वाटतं. कुणाकडे तसला आहे का?

सुरंगी: रिमोट गावलो! अ‍ॅपात होतो.