मदत हवी आहे: 20 लाखांत डाळ मिल की गोदाम आणि ग्रेडर?

नमस्कार मंडळी. यवतमाळकडच्या आमच्या शेतकरी कंपनीकडे फक्त 20 लाख आहेत. 12 टक्के डिस्काउंट रेट धरून हिशेब असा: डाळ मिलला 12 लाख, निव्वळ वर्तमान मूल्य 4.8 लाख, प्रॉफिटेबिलिटी इंडेक्स 1.40. गोदामाला 10 लाख, मूल्य 3.5, इंडेक्स 1.35. ग्रेडरला 10 लाख, मूल्य 3, इंडेक्स 1.30.

इंडेक्स पाहून मिल घेतली की 8 लाख पडून राहतात. अर्धं गोदाम तर बांधता येत नाही! गोदाम आणि ग्रेडर मिळून 6.5 लाख देतात, म्हणून मला जोडीच पटते. पण गोदामाचा डिस्काउंटेड पेबॅक सहा वर्षांवर जातो, मिलचा सव्वातीन. सभासद चार वर्षांवर अडून बसलेत. त्यानंतरचं भाडं हा पेबॅक मोजतच नाही, हे त्यांना कसं पटवावं? की चार वर्षांची अट पाळणंच बरं?