अनुभव धागा : लग्नानंतरचे आभार आणि त्यातली दमल्याची ओळ

नवी सून : लग्न लागलं, सत्यनारायण झाला, घरातले पाहुणेही पांगले. आता दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोघांच्या नावाने आभाराचा मेसेज टाकायचाय. त्यात दमल्याची एक गमतीची ओळ हवीच, असा नवऱ्याचा हट्ट. सासूबाई म्हणतात, जपून लिहा. तुम्ही काय लिहिलं होतंत आणि त्यावर काय ऐकून घेतलंत, ते सांगा.

मांडवातला मामा : घरातल्या बहुतेक लग्नांत पाहुण्यांचं खातं माझ्याकडे असतं, म्हणून सांगतो. नावं घेऊ नका. पुतण्याने नावं घेऊन आभार मानले, त्यात एका आत्याचं राहिलं. दिवाळीपर्यंत ऐकत होतो आम्ही. त्यापेक्षा कामं लिहा. घाणा भरायला पहाटे आलेल्या, अक्षता वाटणारे, पंगतीत आग्रह करणारे, गावाहून आलेल्यांना स्टँडवरून आणणारे. ज्याने केलंय त्याला बरोबर कळतं.

आणि आहेराचा विषय ग्रुपवर नको. न दिलेल्यांना टोचतं, दिलेल्यांना वाटतं आपलं पाकीट मोजलं. आहेराची वही घेऊन बसा आणि एकेकाला फोन करा. नाहीतरी ती वही पुढे त्यांच्याकडच्या कार्याला उघडायचीच असते.

पुणेकर : पत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' छापलं होतं ना? रिसेप्शनला प्रत्येकाला वाकून नमस्कारही झाला. मग पुन्हा आभार कशाला?

मांडवातला मामा : आलेल्यांपुरतं ठीक आहे तुमचं. पण जे येऊ शकले नाहीत त्यांचं काय? आमच्या थोरल्या काकूंनी अंथरुणातून व्हिडिओ कॉलवर मंगलाष्टकं ऐकली आणि तिथेच अक्षता टाकल्या. त्यांच्यासाठी एक वाक्य नको?

दोन वर्षांची जुनी नवरी : गमतीच्या ओळीबद्दल. आमच्या ह्यांनी लिहिलं होतं, 'नमस्कार करून करून कमरेने घटस्फोट मागितलाय.' मित्र हसले. आजेसासूबाई मात्र दोन दिवस धुसफुसत होत्या, ओल्या हळदीच्या अंगाने हे असलं अभद्र! मग बदलून टाकलं, 'आता कोणी नुसतं समोर उभं राहिलं तरी आम्ही आपोआप वाकतो.' हे आजींनी स्वतःच सगळ्यांना पाठवलं. मला वाटतं, दमणं आपल्या कमरेवर, पायांवर, गालांवर ढकलावं. पाहुणे फार होते, विधी संपेनात, जेवायला चार वाजले, यातलं काहीही गमतीतसुद्धा लिहू नये. ज्यांनी ते सगळं मांडलं त्यांना लागतं.

सोलापूरची : पाय सुजले असतील तर कोमट पाण्यात मीठ घालून बसा. आम्ही तर मांडव उतरायच्या आत जेजुरीला. ह्यांनी मला उचलून पाच पायऱ्या चढायच्या होत्या. तीन झाल्या आणि म्हणाले, उरलेल्या पुढच्या वर्षी. सासरे मागून ओरडले, देवाला उधारी चालत नाही! कशाबशा झाल्या पाच.

नवी सून : मीठ-पाणी आजच करते! हा मसुदा बघा :

'सप्रेम नमस्कार. तुम्ही आलात, ज्यांना जमलं नाही त्यांनी घरूनच अक्षता टाकल्या, तुम्हा सगळ्यांचे आशीर्वाद पोचले. पहाटे घाणा भरणाऱ्या हातांपासून रात्री जिलब्यांचे डबे भरून देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आम्ही ऋणी आहोत. फोटोंत आमचं हसू ताठरलेलं दिसलं तर आनंद खराच आहे, फक्त गाल दुखतायत. आणि वाकायची इतकी सवय झालीये की आज सकाळी दूधवाल्यालाही जोडीने नमस्कार केला. त्यांनीही आशीर्वाद दिला. लोभ असावा.'

दोन वर्षांची जुनी नवरी : दूधवाला ठेवाच!

पुणेकर : खाली नाव आधी कुणाचं? आमच्याकडे यावरून दोन वेगळे मेसेज गेले, माहेरच्या ग्रुपवर तिचं आधी, सासरी माझं. मग कोणीतरी एक इकडचा तिकडे पाठवला.

मांडवातला मामा : एकच पाठवा. नावाचं मात्र तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

नवी सून : सासूबाईंनी वाचलं. नावावर काही बोलल्या नाहीत. पण जिलब्यांचे डबे चुलतसासऱ्यांकडे गेलेच नव्हते म्हणे. ती ओळ काढू, की आधी डबा पाठवू?

मांडवातला मामा : जिलब्या आहेत का शिल्लक?

नवी सून : नाहीत. बुंदीचे लाडू आहेत.

मांडवातला मामा : मग मेसेजमध्येही लाडूच करा.