मदत हवी आहे: फर्स्ट फिटमध्ये उरलेला तुकडा धरायचा का?

नमस्कार, मी खानापूरची, बेळगावात कॉलेजला आहे. सोमवारी ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर आहे, आणि एका गणिताने दोन दिवस छळलंय.

मोकळे ब्लॉक क्रमाने 200, 500, 300, 600 केबी. मागण्या 280, 210, 290, 550.

फर्स्ट फिटमध्ये 280 पाचशेत बसवले, 220 उरले. त्यातच 210 बसवले, मग 290 तीनशेत आणि 550 सहाशेत. सगळे बसले! पण क्लासच्या उत्तरात 210 तीनशेत, 290 सहाशेत आणि 550 वेटिंगवर. म्हणजे उरलेला तुकडा त्यांनी धरलाच नाही.

बेस्ट फिट माझं जमलं. वर्स्ट फिटमध्ये एकूण 820 मोकळे असूनही 550 अडकतं, कारण सर्वांत मोठा तुकडा 300 चाच.

प्रश्नात पार्टिशन फिक्स्ड की व्हेरिएबल हे दिलेलंच नाही. अशा वेळी काय गृहीत धरून लिहायचं? कुणी सीनियर सांगाल का, प्लीज?