कलमांचे नंबर आणि क ख ग चा घोळ

"पीडीएफ वर्डमध्ये उघडून मराठी केली की कलमांचे नंबर मधेच परत १ पासून सुरू होतात, काय करू?"

भावा, ऑटो नंबरिंग बंद कर आणि नंबर हातानं टाइप कर, पान बदललं की वर्ड बऱ्याचदा तिथं नवीनच यादी धरतं. शाहूपुरीतल्या एका सोसायटीचे नियम करताना माझं १२ नंतर थेट १ आलं होतं. पण खरी गोची उपकलमांची, (a) (b) (c) ला मी अ, ब, क घातलं आणि जोडीदारानं पुढच्या पानांवर क, ख, ग, मग "कलम ७(क) पाहा" म्हणजे नक्की c का a? लई डोकं खाल्लं त्यानं. तेवढं आधीच ठरवा. शेवटी मूळ पीडीएफ शेजारी उघडून नुसते नंबर वरून खाली वाचत जा, मजकूर नको, सुटलेलं कलम लगेच सापडतं.